दोन कार्डं, छत्तीस हप्ते

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन रकमा शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. एक ‘एकूण देय’ आणि दुसरी ‘किमान देय’. एप्रिल २०२२ मध्ये माझ्याकडे दोन कार्डं होती आणि दोन्हींचं मिळून एकूण देय २ लाख २ हजार रुपये होतं. किमान देय होतं १०,१०० रुपये, म्हणजे बरोबर पाच टक्के. ते मी वेळेवर भरत होतो. बँकेच्या लेखी मी थकबाकीदार नव्हतो आणि वसुलीचा फोनही मला कधी आला नव्हता. तरीही कर्ज हलत नव्हतं. ते का हलत नव्हतं आणि पुढच्या तीन वर्षांत ते कसं हललं, हे आकड्यांसकट सांगावंसं वाटतं. माझ्यासारखे, म्हणजे दर महिन्याला इमानदारीने किमान रक्कम भरणारे आणि त्यामुळेच निश्चिंत असणारे, माझ्या आसपास पुष्कळ आहेत.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे, लेखा शाखेत. पगारबिलं तयार करणं, कपाती बसवणं, बिलं कोषागारात पाठवणं हे माझं रोजचं काम. त्या वर्षी हातात येणारा पगार ४३ हजारांच्या आसपास होता.

कर्जाची सुरुवात जानेवारी २०२० मध्ये वडिलांच्या अँजिओप्लास्टीपासून झाली. खासगी रुग्णालयाचं बिल १ लाख ६८ हजार झालं. आम्हाला वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, पण आधी खिशातून भरायचं आणि नंतर बिलं सादर करायची अशी ती पद्धत. जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तपासणी, मग त्रुटींची पूर्तता, मग मंजुरी, मग निधी असा तो प्रवास असतो. मी ९५ हजार कार्डावर भरले, काही बचतीतले घातले आणि राहिलेले साडूंनी दिले. दोन महिन्यांत टाळेबंदी लागली. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सवलत दिली, ती ऑगस्ट २०२० पर्यंत चालली आणि क्रेडिट कार्डांनाही लागू होती. मी ती घेतली. त्या काळात भरणा थांबला होता, व्याज थांबलं नव्हतं. प्रतिपूर्तीचे पैसे आले तेव्हा दुसरं वर्ष सरत आलं होतं. ते अर्थातच साडूंना परत गेले. त्यानंतर मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी फोन, घराची गळती, गाडीचा विमा असं काही ना काही कार्डावर चढत गेलं. एका महिन्यात पहिल्या कार्डाचं किमान देय भरायला दुसऱ्या कार्डावरून एटीएममधून रोख काढली. कार्डावरून रोख काढली की शुल्क लागतंच, शिवाय त्या रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. बिनव्याजी मुदत रोखीला मिळत नाही.

आता त्या १०,१०० रुपयांचं काय होत होतं ते पाहू. माझ्या दोन्ही कार्डांचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के होता. ऐकायला तो लहान वाटतो. वर्षाचे ते ४२ टक्के होतात. व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरला की महिन्याला ४.१३ टक्के. २ लाख २ हजारांवर एका महिन्याचं व्याज आणि कर मिळून ८,३४३ रुपये होतात. मी भरलेल्या १०,१०० मधून तेवढे वजा केले की मुद्दलात जायला उरतात १,७५७. त्या महिन्यात कार्डावर किराणा आणि पेट्रोल मिळून दोन हजारांची खरेदी झाली की कर्ज महिन्याच्या सुरुवातीला होतं त्याहून वर जातं. माझं तेच चाललं होतं.

समजा एका पैशाचीही नवी खरेदी केली नाही, तरी काय होतं? किमान देय ही ठरावीक रक्कम नसते, ती शिलकीच्या पाच टक्के असते. कर्ज थोडं कमी झालं की पुढच्या महिन्याचं किमान देयही थोडं कमी होतं. म्हणजे फेडण्याचा वेग कर्जाबरोबर मंदावत जातो. दर महिन्याला शिल्लक पाच टक्क्यांनी घटते आणि ४.१३ टक्क्यांनी वाढते, निव्वळ घट एका टक्क्यालाही पोचत नाही. मी हे एक्सेलमध्ये मांडलं. फक्त किमान देय भरत राहिलं तर कर्ज निम्मं व्हायला ६ वर्षं ७ महिने लागत होते. त्या काळात मी साधारण ५ लाख ८० हजार भरले असते आणि त्यानंतरही १ लाख १ हजार देणं उरलं असतं. बँकेनुसार किमान देय काढायची रीत थोडी वेगळी असते, त्यामुळे आकडा इकडेतिकडे होईल, पण चित्र बदलत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार तर प्रत्येक बिलावर तशी सूचनाच छापावी लागते, की केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन् महिने किंवा वर्षानुवर्षं लांबेल आणि शिलकीवर व्याज चढत जाईल. माझ्या बिलांवरही ती होती, मागच्या पानावर.

इथे आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण ती बहुतेकांना माहीत नसते. कार्ड घेताना ४५-५० दिवस बिनव्याजी वापरा असं सांगतात. ते खरं आहे, पण मागच्या बिलातला एकही रुपया बाकी नसेल तरच. बाकी राहिली की ही मुदत नव्या खरेदीलाही मिळत नाही. पाच तारखेला घेतलेल्या किराण्यावर पाच तारखेपासूनच व्याज लागतं. बाकी असताना कार्डावर घेतलेली साखर आणि तेल अशा रीतीने वर्षाला ४२ टक्के दराच्या उधारीवर येतं. व्याजाला वरची मर्यादाही नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला.

एक्सेलमधला तो तक्ता पाहिल्यावर मला दोन गोष्टी कळल्या. व्याजाचा दर खाली आणल्याशिवाय पगारातून कितीही भरलं तरी ते पुरणार नव्हतं. आणि दरमहा जाणारी रक्कम टक्क्यावर न सोडता ठरावीक ठेवावी लागणार होती.

दर खाली आणायचे मार्ग मी एकेक करून तपासले. माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी अशा वेळी भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम काढलं असतं. पण महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना तो निधी नाही, आम्ही राष्ट्रीय पेन्शन योजनेत आहोत, तिथून अशा कारणासाठी पैसे सुटत नाहीत. सोनेतारण स्वस्त होतं आणि पत्नीने पाटल्या काढूनही ठेवल्या होत्या. पण आमच्या बँकेत त्या कर्जाचं मुद्दल वर्षअखेर एकरकमी भरायचं होतं, आणि वर्षाने एवढी रक्कम कुठून उभी करणार याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कार्डाचीच बाकी हप्त्यांत वळवून घेता येते का ते विचारलं. आधीच्या वर्षात दोन भरणे उशिरा झाले होते, म्हणून मला तो पर्याय मिळाला नाही. ज्यांना मिळतो त्यांनी व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्क, हप्त्यातल्या व्याजावरचा जीएसटी आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा आकार एवढं विचारून मगच होकार द्यावा. बऱ्याचदा तो सौदा कार्डाच्या व्याजापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

शेवटी मी आमच्या पतसंस्थेत गेलो. महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक मोठ्या कार्यालयाची किंवा खात्याची पगारदार सेवकांची सहकारी पतसंस्था असते. सभासद दरमहा वर्गणी भरतात, त्याच पैशातून सभासदांना कर्ज मिळतं. आमच्या संस्थेचा दर तेव्हा वर्षाला ११ टक्के होता, तोही घटत्या शिलकीवर. वसुली थेट पगारातून होते. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ मध्ये तशी तरतूद आहे. सभासदाने लेखी संमती दिली की संस्थेच्या मागणीप्रमाणे पगारातून कपात करणं मालकावर बंधनकारक ठरतं. दर महिन्याला माझ्या टेबलावर पतसंस्थेची वसुली यादी येई आणि मी ती इतरांच्या पगारबिलात चढवत असे. आता त्या यादीत माझं नाव लागायचं होतं.

कर्जाला दोन जामीनदार लागतात आणि ते सभासदच असावे लागतात. जामीन म्हणजे नुसती सही नसते. कर्जदाराने बुडवलं तर कपात जामीनदाराच्या पगाराला लागते. एक सही माझ्या बॅचच्या मित्राने केली. दुसऱ्या सहीसाठी मी आस्थापना शाखेतल्या मॅडमकडे गेलो. त्या निवृत्तीला आलेल्या, संस्थेच्या संचालक मंडळावर काम केलेल्या. मी अर्ज पुढे केला तर त्यांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊसाहेब, आधी दोन्ही कार्डांची बिलं दाखवा.”

मी मोबाइलवर बिलं उघडून दिली. त्यांनी एकूण देय पाहिलंच नाही. चष्मा पुसून त्यांनी सरळ व्यवहारांची यादी गाठली आणि बोट ठेवत खाली आल्या. “हे औषधाचं दुकान, ठीक. हा पेट्रोल पंप. हा आठ तारखेचा किराणा, हा पंधराचा, हा बावीसचा.” मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “मी यावर सही केली, तुम्ही कार्ड मोकळं केलंत आणि सहा महिन्यांत ते पुन्हा भरलं, तर तुमच्या डोक्यावर दोन कर्जं होतील, एक आमचं आणि एक त्यांचं. पंचवीस वर्षांत मी असे कितीतरी सभासद पाहिलेत. सही करते, पण कार्ड बंद केल्याचं पत्र मला आणून दाखवायचं.”

पुढच्या तीन वर्षांतलं सर्वांत मोलाचं वाक्य तेच होतं. कमी व्याजाचं कर्ज काढून कार्ड फेडणं हा उपाय बिघडतो तो नेमका इथे. फेडलेल्या कार्डाची मर्यादा पुन्हा पूर्ण मोकळी दिसू लागते आणि घरखर्चाला तेवढा आधार आहे असं वाटायला लागतं. बँकही मर्यादा वाढवून देण्याचे निरोप पाठवू लागते. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय ती वाढवता येत नाही, म्हणून त्या निरोपांना होकार द्यायचा नाही, एवढं पुरतं.

कर्ज मंजूर झालं दीड लाखाचं. संस्थेच्या नियमाप्रमाणे पाच टक्के, म्हणजे ७,५०० रुपये, माझ्या नावे भागभांडवलात वळते झाले आणि हातात १ लाख ४२ हजार ५०० आले. मुद्दलाचा हप्ता ४,१६७ रुपये, छत्तीस महिने, आणि त्यावर त्या-त्या महिन्याचं व्याज. पहिल्या महिन्याचं व्याज होतं १,३७५. पहिल्या कार्डावर १ लाख ४० हजार बाकी होती. तेवढ्याच रकमेला कार्ड महिन्याला ५,७८२ रुपये घेत होतं.

९ मे २०२२ रोजी मी ते १ लाख ४० हजार एकरकमी भरले. अडीच हजार शिल्लक राहिले. बिल २४ एप्रिलचं होतं. पुढच्या बिलात २,८५१ रुपये आले तेव्हा मी कस्टमर केअरला फोन लावला. चूक काहीच नव्हती. बिल निघालं त्या दिवसापासून मी पैसे भरले त्या दिवसापर्यंतचे पंधरा दिवस व्याज चालूच होतं, ते आणि त्यावरचा कर पुढच्या बिलात आला. जुनी बाकी असलेलं कार्ड बिलावरचा आकडा भरून शून्य होत नाही. बंद करायचं असेल तर बँकेकडून ‘आजच्या तारखेला नेमकं किती’ हे विचारून घ्यावं, किंवा आणखी एक बिल येईपर्यंत थांबावं. पुष्कळ जण इथे फसतात. मोठी रक्कम भरून मोकळे झालो असं समजतात, पुढचं बिल उघडत नाहीत, आणि दोन-अडीच हजारांवर विलंब शुल्क चढत राहतं.

मी ते २,८५१ भरले, कार्डावर लावून ठेवलेली वीजबिल आणि विम्याची आपोआप होणारी वजावट बचत खात्यावर नेली आणि कार्ड बंद करण्याचा अर्ज ईमेलने दिला. बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, हाही २०२२ च्याच निर्देशांतला नियम. अर्ज केल्यावर कार्ड राहू द्या, वार्षिक शुल्क माफ करतो, असे दोन फोन आले. मी लेखी अर्ज दिला आहे एवढंच सांगितलं. पत्र आलं, त्याची प्रत मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

दुसऱ्या कार्डावर ६२ हजार होते. ते मी पतसंस्थेच्या कर्जात घेऊ शकलो नाही, कारण कपातीनंतर हातात येणारा पगार ठरावीक मर्यादेखाली संस्था जाऊ देत नाही. हे कार्ड पगारातूनच फेडायचं होतं. ॲपमध्ये जाऊन त्याचे सगळे व्यवहार बंद केले. दुकानातले, ऑनलाइन, टॅप करून होणारे, एटीएमचे, सगळे. ही चालू-बंद करण्याची सोय प्रत्येक बँकेला द्यावीच लागते. किराणा वाण्याकडे रोखीने सुरू केला. भरण्याची मुदत महिन्याच्या २८ तारखेला होती, म्हणजे पगार संपलेला असताना. बिलाची तारीख बदलून मागता येते. मी ती अशी घेतली की मुदत दहा तारखेला पडेल.

मग दर महिन्याला ठरावीक पाच हजार. किमान देय कितीही असो, पाच हजारच. मे २०२२ च्या पाच हजारांपैकी २,५६१ व्याजात आणि करात गेले, २,४३९ मुद्दलात. फार उत्साह वाटावा असं त्यात काही नव्हतं. पण रक्कम तीच ठेवली की व्याजाचा वाटा दर महिन्याला थोडा-थोडा खाली येतो आणि मुद्दलाचा वाटा तेवढाच वर चढतो. एप्रिल २०२३ च्या भरण्यानंतर बाकी २५,०७२ वर आली. पुढच्या महिन्यात व्याज आणि कर होता १,०३५ आणि उरलेले जवळजवळ चार हजार थेट कर्जावर पडले. विहिरीवरची मोटार लावल्यावर पहिले काही तास पाणी हललेलं दिसत नाही आणि झरे मागे पडले की पायऱ्या भराभर उघड्या होतात, तसं ते होतं.

महिन्याचा हिशेब पाहा. आधी दोन्ही कार्डांना मिळून १०,१०० जात होते. आता पतसंस्थेला ५,५४२ आणि कार्डाला ५,०००, म्हणजे १०,५४२. खर्चात फरक साडेचारशे रुपयांचा. जुन्या पद्धतीने, एकही नवी खरेदी न करता, वर्षभरात कर्ज वीस हजारांनी घटलं असतं. नव्या पद्धतीने संस्थेचे ५० हजार आणि कार्डाचे जवळजवळ ३७ हजार, असे ८७ हजार घटले. माझा पगार त्या वर्षात फार वाढला नव्हता. बदलला होता तो दर, आणि दुसरं म्हणजे पैसे माझ्या हाती येण्याआधीच कापले जात होते. पाच तारखेला खात्यात जे दिसे तेवढ्यातच घर चालवायचं होतं.

हे सुरळीत झालं असं नाही. पहिली दिवाळी सण अग्रिमावर काढली. ते बिनव्याजी असतं आणि दहा हप्त्यांत कापलं जातं, पण त्या दहा महिन्यांत हात आणखी आवळावा लागला. घरात यावरून बोलणी झाली. पत्नीचं म्हणणं होतं की मुलीच्या वाढदिवसाला तरी ॲपमधलं ते बटण चालू करा. मला नाही म्हणणं जड गेलं, तिलाही ते ऐकणं जड गेलं. जून २०२३ मध्ये मुलीचा अकरावीचा प्रवेश आणि स्कूटरच्या इंजिनाचं काम एकाच महिन्यात आलं. जून आणि जुलै असे दोन महिने मी कार्डाला फक्त किमान देय भरलं, अकराशे-अकराशे. दोन महिन्यांत २,२०० रुपये भरले आणि बाकी २१,१०७ वरून २०,६४१ वर आली. ४६६ रुपये घटले. किमान देय म्हणजे काय, हे एवढ्या स्पष्टपणे मला त्या तक्त्यानेही दाखवलं नव्हतं.

त्याच सुमारास ‘सेटलमेंट’ करून देतो म्हणणाऱ्या एका एजंटाचा फोन आला. तीन-चार महिने भरणं थांबवा, मग बँक निम्म्यावर तयार होईल, असं तो म्हणत होता. अशी तडजोड होते हे खरं आहे. नोकरीच गेलेल्या किंवा मोठ्या आजारात सापडलेल्या माणसाला कधीकधी दुसरा मार्गही उरत नाही. पण भरणं थांबलेल्या काळात विलंब शुल्क आणि व्याज चढत राहतं, वसुलीचे फोन सुरू होतात आणि पत अहवालात खात्यापुढे ‘तडजोड’ असा शेरा वर्षानुवर्षं राहतो. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलं की बँक आधी तो शेरा पाहते. मी भरू शकत होतो, म्हणून नाही म्हटलं. वसुलीच्या फोनांना सामोरं जावं लागणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला वसुली एजंटांना मनाई आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ते स्पष्ट केलं. तक्रार आधी बँकेकडे लेखी करायची आणि तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. त्याला शुल्क नाही.

ऑगस्टपासून पुन्हा पाच हजार सुरू केले. डिसेंबर २०२३ मध्ये उरलेले ३,११९ भरले, मागून आलेलं किरकोळ व्याजही चुकतं केलं आणि ते कार्डही बंद केलं. ६२ हजारांसाठी मी एकूण ९० हजारांवर थोडे भरले होते.

कार्डाचे पाच हजार जानेवारी २०२४ पासून मोकळे झाले. संस्थेचं कर्ज लवकर फेडावं असं मित्राचं मत होतं. माझं मत वेगळं होतं आणि आजही आहे. ११ टक्क्यांचं कर्ज नियमित कापलं जात होतं, त्याची घाई नव्हती. पण हाताशी रोख काहीच नव्हती, आणि २०२० मध्ये सगळं सुरू झालं होतं ते हाताशी रोख नसल्यामुळेच. म्हणून ते पाच हजार मी पतसंस्थेतच आवर्त ठेवीत लावले, तेही पगारातून कापून. सप्टेंबरमध्ये वडिलांना पुन्हा दोन दिवस दाखल करावं लागलं. १४ हजारांचं बिल त्या ठेवीतून भरलं आणि प्रतिपूर्तीचा प्रस्ताव सादर केला. तो मंजूर व्हायला लागायचा तेवढा वेळ लागला. या वेळी त्या वेळेवर व्याज लागत नव्हतं.

एप्रिल २०२५ च्या पगारबिलात छत्तिसावा हप्ता गेला, ४,१६७ मुद्दल आणि ३८ रुपये व्याज. पतसंस्थेला तीन वर्षांत दिलेलं व्याज २५ हजार ४००, दुसऱ्या कार्डाचं २८ हजारांच्या वर, आणि ते पंधरा दिवसांचे २,८५१. सगळं मिळून ५७ हजारांच्या आत. भागभांडवलातले साडेसात हजार माझ्याच नावावर आहेत.

त्यानंतर एक काम उरलं होतं, पत अहवाल पाहण्याचं. देशात अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. माझ्या अहवालात दुसरं कार्ड ‘बंद’ दिसत होतं, पण २०२२ मध्ये बंद केलेलं पहिलं कार्ड चालू दाखवलं होतं आणि त्यापुढे २,८५१ रुपये बाकी होती. बँकेने कार्ड बंद केलं होतं, पत अहवालातली नोंद मात्र बदलली गेली नव्हती. तीन वर्षं मी ते पाहिलं नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं. मी कार्ड बंद केल्याचं पत्र आणि भरण्याची पावती जोडून पत कंपनीच्या संकेतस्थळावर आणि बँकेकडे, दोन्हीकडे तक्रार नोंदवली. एप्रिल २०२४ पासून असा नियम आहे की अशी तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची. माझी नोंद मुदतीत दुरुस्त झाली. ती होऊ शकली कारण कागद जपून ठेवले होते, आणि ते जपले गेले कारण मॅडमनी कार्ड बंद केल्याचं पत्र मागितलं होतं आणि त्याची एक प्रत माझ्या कर्जाच्या फाइलला लावून ठेवली होती.